समूहछायाचित्राखालील ‘डावीकडून’ : नामनिर्देशातील चुका आणि त्यांची तपासणी

वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला गौरवग्रंथ, स्मरणिका, नियतकालिकांचे विशेषांक आणि चरित्रे यांतून समूहछायाचित्रे वारंवार भेटतात. त्यांखाली ‘डावीकडून’ असा शब्द आणि त्यापुढे नावांची मालिका असते. ही नामावली बहुधा पुरावा म्हणून जशीच्या तशी स्वीकारली जाते व पुढील ग्रंथात उतरते. वस्तुतः ती छायाचित्राइतकी जुनी असतेच असे नाही. अनेकदा ती पुष्कळ वर्षांनी, कोणाच्या तरी आठवणीवरून किंवा उपस्थितांच्या यादीवरून रचलेली असते. तिच्यातील चुका मात्र स्वैर नसतात. त्या ठरावीक प्रकारांनी घडतात व प्रत्येक प्रकार आपली खूण मागे ठेवतो. या खुणा ओळखता आल्या तर पुष्कळ नामावल्या दुरुस्त करता येतात.

पद्धतीची चाचणी घ्यावयाची तर ज्यातील व्यक्तींची ओळख निर्विवाद आहे असे छायाचित्र घेणे सोयीचे. १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या पाचव्या सॉल्व्हे परिषदेचे छायाचित्र त्या दृष्टीने आदर्श आहे. त्यात तीन रांगांत २९ शास्त्रज्ञ आहेत : मागे ११, मध्ये ९ आणि पुढे ९. पाहणाऱ्याच्या डावीकडून पुढच्या रांगेचा क्रम असा : लँगम्यूर, प्लांक, मेरी क्यूरी, लोरेंत्झ, आइन्स्टाइन, लांजव्हँ, गी, विल्सन, रिचर्डसन. मधल्या रांगेत डिबाय, नूडसेन, ब्रॅग, क्रेमर्स, डिरॅक, कॉम्प्टन, द ब्रॉय, बॉर्न, बोर. मागच्या रांगेत पिकार, ऑन्रिओ, एरेनफेस्ट, हर्झेन, द डाँडे, श्रोडिंजर, फर्शाफेल्ट, पाउली, हायझेनबर्ग, फाउलर, ब्रिलवाँ.

पहिली व सर्वांत सामान्य चूक ‘डावी’ कोणाची, या संदिग्धतेतून उद्भवते. मुद्रणातील संकेत पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूचा आहे. परंतु नावे सांगणारी व्यक्ती स्वतः त्या छायाचित्रात बसलेली असेल तर ती मनाने पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसते आणि स्वतःच्या डावीकडून मोजू लागते. ‘माझ्या डाव्या हाताला अमुक बसले होते’ हे तिचे विधान खरे असते, पण मुद्रित चित्रात ते अमुक तिच्या उजवीकडे दिसतात. परिणामी संपूर्ण रांग उलटी होते. नऊ जणांच्या रांगेत पहिला नववा होतो, दुसरा आठवा, तिसरा सातवा. पाचवा मात्र पाचवाच राहतो.

या शेवटच्या गोष्टीकडे तपासनिसाचे बहुधा दुर्लक्ष होते. समूहछायाचित्रात मान्यवर व्यक्ती मध्यभागी बसविण्याची प्रथा आहे, आणि नामावली पडताळणारा मनुष्य प्रथम त्याच परिचित चेहऱ्याकडे पाहतो. सॉल्व्हे परिषदेच्या छायाचित्रात तर तिन्ही रांगांच्या बरोबर मध्यावर आइन्स्टाइन, डिरॅक आणि श्रोडिंजर आहेत. तिन्ही रांगांची नावे उलट्या क्रमाने छापली तरी ही तीन नावे आपापल्या जागी अचूक पडतील, आणि वाचकाला नामावली विश्वसनीय वाटेल. प्रत्यक्षात उरलेल्या २६ जणांची नावे चुकलेली असतील. उलटी रांग उघडी पाडणारी व्यक्ती मध्यापासून दूर बसलेली असावी लागते. पुढच्या रांगेत हे काम मेरी क्यूरी करतात. छायाचित्रातील त्या एकमेव स्त्री असून डावीकडून तिसऱ्या आहेत. रांग उलटली तर त्यांचे नाव सातव्या जागी, म्हणजे गी यांच्यावर जाऊन पडते, आणि चूक तत्काळ दिसते. संमेलनाच्या छायाचित्रात अध्यक्षांचे नाव बरोबर आहे एवढ्यावर समाधान मानू नये, ते याच कारणास्तव.

उलट्या रांगेसारखीच दिसणारी, पण कारणाने भिन्न असलेली दुसरी चूक म्हणजे छायाचित्रच उलटे छापले जाणे. निगेटिव्हची बाजू फिरली की प्रत आरशातील प्रतिमेप्रमाणे उमटते. या दोहोंतील भेद कपड्यांवरून कळतो. पुरुषाच्या कोटाचा वरचा खिसा त्याच्या डाव्या छातीवर असतो, म्हणजे सुलट छापलेल्या चित्रात तो पाहणाऱ्याला उजवीकडे दिसतो. पुरुषी कोट-सदऱ्याची डावी कड उजव्या कडेवर येते. पाटी, फलक किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील अक्षरे असतील तर प्रश्नच मिटतो. पदर कोणत्या खांद्यावर आहे ही खूण मात्र प्रदेश, काळ व नेसण यांनुसार बदलत असल्याने तिच्यावर एकट्याने विसंबू नये. खिसे व अक्षरे सुलट आहेत आणि नावे उलटी आहेत, तर दोष मोजणाऱ्याचा. खिसेच उलटे असतील तर दोष छपाईचा. येथे आणखी एक सावधगिरी हवी. उलट्या प्रतीकडे पाहूनच कोणी नामावली रचली असेल तर ती त्या प्रतीशी जुळते. अशा वेळी केवळ चित्र सुलटे करून जुनी नामावली तशीच ठेवली, तर दुरुस्तीतूनच नवी चूक जन्माला येते.

तिसरा प्रकार सरकण्याचा. रांगेतील एक नाव गळले की त्यापुढील प्रत्येक नाव एका जागेने डावीकडे सरकते. मधल्या रांगेतून क्रेमर्स यांचे नाव गळले अशी कल्पना करावी. डिबाय, नूडसेन, ब्रॅग ही तीन नावे योग्य राहतील, क्रेमर्स यांच्यावर डिरॅकचे नाव येईल, डिरॅकवर कॉम्प्टनचे, आणि अखेरीस बोर बिननावाचे उरतील. आरंभ बरोबर, एका बिंदूपासून पुढे सर्व चूक, आणि शेवटी एक चेहरा शिल्लक, ही या प्रकाराची खूण होय. संपादक अशा उरलेल्या चेहऱ्याला ‘अज्ञात’ म्हणून मोकळा होतो आणि गळतीची एकमेव उघड खूण पुसली जाते. नाव गळण्याची कारणे साधी असतात : दोन खांद्यांमधून अर्धवट दिसणारा चेहरा, जमिनीवर बसलेले मूल, कडेला उभा असलेला व कोणी मोजण्याजोगा न मानलेला संस्थेचा शिपाई. पुनर्मुद्रणात चित्राची डावी कड कापली गेली आणि नामावली तशीच राहिली तर सरकणे पहिल्याच जागेपासून सुरू होते.

यावर ‘चेहरे मोजा, नावे मोजा’ हा उपाय आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. नामावली निमंत्रितांच्या यादीवरून तयार झाली असेल तर एक नाव गळून दुसरे अनुपस्थित व्यक्तीचे नाव आत शिरू शकते. १९२७ च्या परिषदेला डेलांद्र अनुपस्थित होते. क्रेमर्स यांचे नाव गळले आणि द ब्रॉय यांच्या नावानंतर डेलांद्र यांचे घातले गेले असे मानले, तर नावे पुन्हा नऊच भरतात. पहिली तीन नावे बरोबर, शेवटची दोन बरोबर, आणि मधले चार जण चुकलेले. संख्या जुळते, दोन्ही टोके जुळतात, तरी नामावली खोटी असते. म्हणून प्रत्येक रांगेत किमान तीन व्यक्तींची ओळख स्वतंत्रपणे पटवावी : एक मध्याजवळची आणि दोन्ही अर्धांत प्रत्येकी एक, टोक व मध्य यांच्या दरम्यानची. तिन्ही जुळल्या तर रांग उलटलेली नाही हे निश्चित होते आणि सरकण्याला फारच थोडा वाव उरतो.

चौथा प्रकार जागेचा नसून नावाचा आहे. १९११ च्या पहिल्या सॉल्व्हे परिषदेच्या छायाचित्रातही ब्रिलवाँ आणि द ब्रॉय ही आडनावे आढळतात. परंतु १९११ चे ब्रिलवाँ हे मार्सेल, तर १९२७ चे त्यांचे पुत्र लेआँ. १९११ चे द ब्रॉय हे मोरिस, तर १९२७ चे त्यांचे धाकटे बंधू लुई. १९२७ च्या चित्रातील ब्रॅग हे पुत्र डब्ल्यू. एल. असून पिता डब्ल्यू. एच. त्या वेळी अनुपस्थित होते. मराठीत हा धोका टोपणनावांमुळे दुणावतो. रविकिरण मंडळातील ‘गिरीश’ म्हणजे शंकर केशव कानेटकर, ‘यशवंत’ म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, ‘माधव जूलियन’ म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. नामावलीत नुसते ‘कानेटकर’ असेल तर कवी गिरीश की त्यांचे पुत्र नाटककार वसंत कानेटकर, याचा निर्णय छायाचित्राच्या काळावरूनच करावा लागतो. उत्तरकाळात अधिक प्रसिद्ध झालेल्या व्यक्तीकडे अनाम आडनाव ओढले जाते, ही प्रवृत्तीही ध्यानात ठेवावी.

काळाची मर्यादा ठरविण्यास मृत्यूची सनावळी सर्वाधिक उपयोगी पडते. रविकिरण मंडळाची स्थापना १९२३ मध्ये पुण्यात झाली आणि मनोरमाबाई रानडे १९२६ मध्ये निवर्तल्या. तेव्हा त्यांचे नाव असलेले मंडळाचे छायाचित्र या तीन-चार वर्षांतलेच असले पाहिजे. त्याखाली १९३० सारखे साल असेल तर साल किंवा नाव यांपैकी एक निश्चित चुकलेले आहे. मात्र त्या चित्रात नाहीत म्हणून ते १९२६ नंतरचे, असा उलटा निष्कर्ष निघत नाही. चित्रात असणे हादेखील उपस्थितीचा निर्णायक पुरावा नव्हे. १९११ च्या छायाचित्रात एर्नेस्ट सॉल्व्हे बसलेले दिसतात, पण ते टिपले गेले तेव्हा ते तेथे नव्हते. त्यांची प्रतिमा नंतर चिकटविण्यात आली. नामावली येथे बरोबर आहे, चित्रच फसवे आहे.

प्रत्यक्ष तपासणीचा क्रम यावरून सिद्ध होतो. प्रथम उपलब्ध प्रतींपैकी सर्वांत जुनी प्रत मिळवावी आणि तिची पाठ व पुठ्ठा पाहावा, कारण छायाचित्रकाराचा शिक्का व हस्तलिखित नावे तेथेच असतात. नंतर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक डोक्याला क्रमांक द्यावा, अर्धवट दिसणाऱ्यांनाही. मग खिसे व अक्षरे पाहून चित्र सुलट आहे याची खात्री करावी. त्यानंतर प्रत्येक रांगेतील तीन व्यक्तींची ओळख त्यांच्या त्याच सुमाराच्या एकल छायाचित्रांशी ताडून पटवावी. पागोटे, चष्मा व मिशा बदलतात, कानाची ठेवण मात्र प्रौढ वयात फारशी बदलत नाही. नामावली न जुळल्यास ती अनुक्रमे उलटी करून, एका जागेने सरकवून आणि रांगांची अदलाबदल करून पाहावी. ‘पहिली रांग’ म्हणजे पुढची की मागची, हाही घोटाळा असतोच. दोन ग्रंथांतील नामावल्या जुळतात म्हणून त्या दोन साक्षी ठरत नाहीत. एकीतील गळती व शुद्धलेखनाची विशिष्ट चूक दुसरीतही आढळली तर ती केवळ नक्कल होय.

नवी नामावली देताना ‘पाहणाऱ्याच्या डावीकडून’ असे पूर्ण लिहावे, रांगांना ‘उभे’, ‘खुर्चीवर’, ‘जमिनीवर’ अशी नावे द्यावीत, आद्याक्षरे गाळू नयेत. ओळख न पटलेल्या व्यक्तीची नोंद शेवटी न करता तिच्या जागीच, क्रमांकासह करावी. ती रिकामी जागा पुढील सर्व नावांना आपापल्या स्थानी धरून ठेवते.