न दिलेला नकार

एक उदाहरण घेऊ. मुलगा जळगावच्या कापड व्यापाऱ्याचा, मुलगी धुळ्याची. परिचय संमेलनात ओळख झाली आणि घरच्यांच्या संमतीने दोघे बोलू लागले. तीन महिने रोज रात्री फोन होई. मग तो आठवड्यावर आला, उत्तरे ‘बघू’पुरती उरली, ‘दुकानात सीझन आहे’ हे कारण वारंवार येऊ लागले. शेवटी उत्तर येणेच थांबले. यालाच नवी पिढी ‘घोस्टिंग’ म्हणते. संवत्सरीला मात्र सर्वांना पाठवलेला क्षमापनेचा संदेश तिलाही आला आणि मावळलेली आशा पुन्हा जागी झाली.

मुलगा दुष्टच असेल असे नाही. १९७० साली सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले, की माणसे शुभवार्ता पूर्ण सांगतात, पण दुसऱ्याची अप्रिय वार्ता पोहोचवतानाही कचरतात. इथे तर नकार स्वतःचाच, शिवाय मध्यस्थ मामांचा शब्द गुंतलेला. ‘तिला दुखवायला नको’ असे म्हणत तो स्वतःचाच अवघड क्षण टाळतो.

त्याची किंमत मुलगी मोजते. दुसरे स्थळ आले तरी ‘त्यांचे काय?’ म्हणून तिचे घर थांबते. स्पष्ट नकाराने खाते मिटते. मौनात ते उघडेच राहते.

नकाराला दोन वाक्ये पुरतात: ‘मला हे स्थळ पुढे न्यायचे नाही. निर्णय माझा आणि पक्का आहे.’ त्यात ‘सध्या’ हा शब्द नको. त्याने दार अर्धे उघडे राहते. समोरची व्यक्ती धमकावत असेल, तर मात्र न सांगता संपर्क तोडणेच योग्य.