ब्लॉक करण्याआधी दोन मिनिटं थांबा

आज आपण बोलणार आहोत मोबाइलवरून पिच्छा पुरवणाऱ्या माणसाबद्दल.

आमच्या गटातली एक ताई लोणची करून विकते. पाकिटावर तिचा नंबर छापलेला असतो. एका अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपवर आधी भाव विचारला गेला. मग ‘जेवलात का’ सुरू झालं आणि एक दिवस संदेश आला, ‘आज बाजारात हिरवी साडी छान दिसत होती.’ ताईने घाबरून सगळं पुसून टाकलं आणि नंबर ब्लॉक केला. दोन दिवसांनी तो दुसऱ्या नंबरवरून आला, मग तिसऱ्या. शेवटी वैतागून तिने त्याचा फोटो आणि नंबर शिव्यांसकट आपल्या खात्यावर टाकला. त्याने त्या पोस्टची तक्रार केली. पोस्ट निघाली आणि ऐन दिवाळीच्या ऑर्डरी चालू असताना ताईचंच खातं काही दिवस बंद पडलं. त्रास देणारा मोकळा राहिला आणि पुरावा तर तिने स्वतःच पुसला होता.

यातून आम्ही एक क्रम शिकलो: आधी पुरावा, मग रिपोर्ट, मग ब्लॉक.

पुरावा म्हणजे स्क्रीनशॉट. त्यात संदेश, तारीख, वेळ आणि नंबर दिसायला हवा. तुम्ही तो नंबर एखाद्या नावाने सेव्ह केला असेल, तर वरच्या पट्टीत फक्त नाव दिसतं. म्हणून त्या नावावर बोट ठेवून आतलं पान उघडा आणि नंबर दिसतोय असा आणखी एक स्क्रीनशॉट घ्या. इन्स्टाग्रामवर त्याच्या खात्याचं नाव जसंच्या तसं टिपून ठेवा. एका वहीत तारीख, वेळ आणि नंबर लिहीत जा. हे सगळं विश्वासातल्या एका मैत्रिणीच्या फोनवरही पाठवून ठेवा.

मग रिपोर्ट. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केलं की त्याने तुम्हाला पाठवलेले शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात. तक्रार केल्याचं त्याला कळवलं जात नाही. पण रिपोर्ट करताना सोबत ब्लॉकही निवडलं, तर ते संभाषण आपल्या फोनवरून पुसलं जाऊ शकतं. म्हणूनच स्क्रीनशॉट आधी. कारण विचारलं तर खरं तेच निवडा. सगळ्या गटाने मिळून शंभर रिपोर्ट टाकायची गरज नाही. नियम मोडला आहे का, हे तपासलं जातं. इन्स्टाग्रामवर तक्रारी किती आल्या यावर निकाल ठरत नाही.

आता ब्लॉक. व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलं तरी साधा फोन आणि एसएमएस येतच राहतो. तो नंबर फोनमध्ये वेगळा ब्लॉक करावा लागतो. तुम्ही दोघं एकाच ग्रुपमध्ये असाल, तर तिथले संदेशही दिसत राहतात. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो आणि ‘लास्ट सीन’ फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करा, ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल तेही तिथेच ठरवा.

इन्स्टाग्रामवर आणखी एक वाट आहे, रिस्ट्रिक्ट. ब्लॉक केलं की तो शोधायला जातो आणि त्याला कळतं. काही जण त्यानेच जास्त चेकाळतात. रिस्ट्रिक्ट केल्यावर त्याला काही कळवलं जात नाही. त्याची कमेंट तुम्ही मंजूर करेपर्यंत त्याची त्यालाच दिसते, त्याचे संदेश वेगळ्या कप्प्यात जातात आणि तुम्ही वाचले की नाही हे त्याला समजत नाही. मात्र तुमच्या पोस्ट तो पाहू शकतो, त्यामुळे आपण कुठे आहोत हे सांगणारे फोटो तेव्हा टाकू नका. ब्लॉक करताना ‘त्याची इतर खातीही’ असा पर्याय मिळतो, तो निवडा.

आपलं खातं सांभाळायचं तर शिव्या देऊ नका, त्याचा फोटो किंवा नंबर जाहीर करू नका, खोटं खातं काढून त्याला फसवायला जाऊ नका. असं काही केलं की नियम आपणच मोडतो. जास्त सोयी मिळतात म्हणून व्हॉट्सॲपची नकली ॲपही घेऊ नका, त्यानेही नंबर बंद होतो.

आणि ‘हिरवी साडी’सारखा संदेश आला, म्हणजे तो माणूस जवळपास वावरतोय. तिथे बटणांवर थांबू नका. घरच्यांना सांगा आणि पोलिसांत जा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 प्रमाणे बाईचा असा पाठलाग, मोबाइलवरचासुद्धा, गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हद्द दुसरी असली तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. cybercrime.gov.in वरही देता येते, आणि तातडीच्या वेळी 112 लावा.

आमच्या ताईला पुढे चौथ्या नंबरवरून संदेश आला, तेव्हा तिने काहीच पुसलं नाही. वही आणि फोन घेऊन आम्ही तिघी तिच्यासोबत ठाण्यात गेलो. तक्रार लिहून घ्यायला वहीतल्या तारखाच कामी आल्या. येत्या बैठकीत स्क्रीनशॉट कसा घ्यायचा, एवढं तरी एकमेकींना करून दाखवा.