जड केबल, हलकं तांबं

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन चार्जिंग केबल एकापाठोपाठ एक ठेवून पाहिल्या. दोन्ही एक मीटरच्या, एका टोकाला चार्जरमध्ये जाणारी चपटी यूएसबी पिन, दुसऱ्या टोकाला टाइप-सी. पहिली जुन्या फोनच्या खोक्यातली, पांढरी, बारीक. ती २२ ग्रॅम भरली. दुसरी स्टेशनबाहेरच्या पथारीवरून घेतलेली, वर कापडी वीण, टोकांना चकचकीत धातू. ती ३१ ग्रॅम भरली. हातात घेतली की कुणीही दुसरीलाच दणकट म्हणेल. पण तिच्यावर रात्रभर लावलेला फोन सकाळी अर्धवटच भरलेला असायचा.

केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारा दोनच असतात, एक जाणारी आणि एक परतणारी. मीटरभर लांबीच्या चांगल्या केबलमध्ये या दोन तारांचं तांबं साधारण साडेतीन ग्रॅम भरतं, स्वस्तातल्या बारीक तारांचं जेमतेम दीड. बाकीचं वजन प्लास्टिकचं आणि टोकांचं. दोन ग्रॅमची चोरी लपवायला धातूची एक टोपी पुरते. म्हणून वजन जोडायचं ते जुळ्यांचंच: तीच कंपनी, तेच मॉडेल, तीच लांबी. खात्रीच्या केबलपेक्षा तिची जोडीदार म्हणून विकलेली चार-पाच ग्रॅमनं हलकी निघाली, तर संशयाला जागा आहे.

पुढची खूण आवरणावरच्या बारीक छपाईत सापडते. तिथे `28AWG/1P+24AWG/2C` असं काहीतरी लिहिलेलं असतं. `2C`च्या आधीचा आकडा वीज नेणाऱ्या दोन तारांच्या जाडीचा. हा आकडा जितका लहान तितकी तार जाड, त्यामुळे २८पेक्षा २४ चांगला. कापडी विणीवर ही छपाई नसतेच. माझ्या पथारीवरच्या केबलच्या पाकिटावर मात्र ठळक २४ छापलेलं होतं. छापणाऱ्याला कोण अडवणार?

या आकड्याचा खरेखोटेपणा मोजता येतो. चोवीस आकड्याची तांब्याची तार मीटरभर जाऊन परत आली की तिचा रोध सुमारे ०.१७ ओहम होतो, टोकांच्या जोडांसह ०.२च्या आसपास. साधा मल्टिमीटर इथे उपयोगाचा नाही, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोधच एवढा असतो. त्याऐवजी बोटाएवढा यूएसबी मीटर आणि एक अँपिअर खेचणारा छोटा लोड घ्यावा. लोड चांगलाच तापतो, तो फरशीवर ठेवावा. चार्जर साधा पाच व्होल्टचा हवा. लोडच्या जागी फोन लावून चालत नाही, कारण व्होल्टेज पडलं की फोन आपणहून कमी करंट घेतो आणि हिशेब बिघडतो.

आधी मीटर थेट चार्जरमध्ये खोचून त्याला लोड लावला: ५.०८ व्होल्ट. मग चार्जर आणि मीटर यांच्यामध्ये पांढरी केबल घातली: ४.८८. करंट एकच अँपिअर असल्यामुळे व्होल्टमधला फरक हाच ओहममधला रोध, म्हणजे ०.२०. पथारीवरच्या केबलला मीटर ४.३८ दाखवत होता. रोध ०.७०! टाइप-सीच्या नियमानुसार तीन अँपिअरच्या केबलमध्ये दोन्ही तारा मिळून जास्तीत जास्त ०.७५ व्होल्ट पडायला हवेत, म्हणजे ०.२५ ओहम. ही केबल त्याच्या जवळजवळ तिप्पट.

मग ती कापलीच. आतल्या लाल तारेचे केसासारखे मोजके धागे निघाले. एक धागा काचेवर ठेवून ब्लेडनं हळूच खरवडला, तर तांबूस पापुद्र्याखाली चंदेरी रंग दिसला. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. (वरून चंदेरी आणि आतून तांबूस असेल तर घाबरू नये, ते कथिल चढवलेलं खरं तांबं.)

एवढा रोध मीटरभर पसरलेला असेल, तर केबल कोमट होते आणि चार्जिंग रेंगाळतं, इतकंच. धोका तो एका जागी साचला की असतो. पिनेच्या मुळाशी धागे तुटले आणि तिथेच ०.१ ओहम जमला, तर तीन अँपिअरला जवळपास एक वॉट उष्णता नखाएवढ्या जागेत कोंडते. प्लास्टिक पिवळं पडतं, मऊ होतं. म्हणून मोजणी चालू असताना दोन्ही टोकं पिनेजवळ हलकेच वाकवून पाहावीत. आकडा नाचला तर केबल बाद, मग ती कितीही महागाची असो.

रोध चांगला आला तरी एक दोष या मोजणीतून निसटतो. चपट्या यूएसबीकडून टाइप-सीकडे जाणाऱ्या केबलच्या टोकात ५६ हजार ओहमचा एक इवलासा रेझिस्टर असावा लागतो. ‘जुन्या पोर्टला झेपेल तेवढंच घे’, हे तो फोनला सांगतो. त्याजागी १० हजारांचा बसवला, तर फोन तीन अँपिअर मागतो आणि लॅपटॉपचा किंवा जुन्या चार्जरचा पोर्ट जळू शकतो. गूगलमधले अभियंते बेन्सन लियुंग अशा केबल स्वतः विकत घेऊन तपासत. २०१६ साली एका केबलमध्ये वीज आणि परतीची तार उलटी जोडलेली निघाली आणि तपासणीत त्यांचा लॅपटॉपच निकामी झाला. नवी केबल म्हणूनच आधी मीटरला लावावी, तीही टाकाऊ चार्जरवर. लॅपटॉपची पाळी त्यानंतर.