अंतर वाढवणारे साडेसतरा सेकंद

यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गावर कळंबोली मागे टाकून खालापूरच्या दिशेने निघालं, की घाट लागेपर्यंतचा रस्ता बराचसा सपाट आहे. मोटारींना इथे ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात ती ६० वर येते. या सपाट पट्ट्यात रस्त्याच्या कडेला महामार्ग पोलिसांची इंटरसेप्टर गाडी उभी आहे असं समजू. तिच्या शेजारून एक मोटार ताशी १२६ किलोमीटर वेगाने निघून जाते. नेमक्या त्याच क्षणी पोलिसांचा चालक पहिला गिअर टाकतो. मोटारवाल्याला मागे काय चाललंय याचा पत्ता नाही, त्याचा वेग तोच राहतो. पोलीस त्याला कधी गाठतील, आणि कुठे?

अकरावीच्या भौतिकशास्त्रात हे उदाहरण भेटतं. परीक्षा संपली की विसरलंही जातं, कारण त्याचं उत्तर रस्त्यावर नेऊन कोणी तपासत नाही. तपासलं तर त्यात बरंच काही सापडतं.

आधी वेग सोयीच्या एककात आणू. ताशी १२६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३५ मीटर. पोलिसांची गाडी थांबलेल्या स्थितीतून साधारण १४ सेकंदांत ताशी १०० चा वेग घेते असं धरलं, तर दर सेकंदाला तिच्या वेगात सेकंदाला २ मीटर एवढी भर पडते. यालाच त्वरण म्हणतात. पहिल्या सेकंदाच्या शेवटी तिचा वेग २, दुसऱ्याच्या शेवटी ४, दहाव्याच्या शेवटी २०.

आता पहिल्या दहा सेकंदांत काय होतं ते पाहा. मोटार ३५० मीटर पुढे गेली. पोलिसांची गाडी शून्यापासून २० पर्यंत वाढत गेली, म्हणजे तिचा सरासरी वेग १० पडला आणि तिने जेमतेम १०० मीटर कापले. इंजिन पूर्ण ताकदीने ओढतंय, सायरन वाजतोय, आणि मधलं अंतर २५० मीटर झालंय. पुढच्या सेकंदाला ते आणखी वाढणार आहे. पाठलाग म्हणजे अंतर कमी होणं अशी आपली समजूत असते, पण जोवर मागच्याचा वेग पुढच्यापेक्षा कमी आहे तोवर अंतर वाढतच राहतं. मागची गाडी किती जोरात वेग घेतेय याने ते वाढणं मंदावतं, थांबत नाही. ते थांबतं साडेसतराव्या सेकंदाला, कारण तेव्हा पोलिसांचा वेगही ३५ होतो. त्या क्षणी दोघांमध्ये ३०६ मीटर अंतर असतं, आणि ते या सगळ्या पाठलागातलं सर्वांत मोठं अंतर असतं.

तिथून पुढे अंतर घटू लागतं. ज्या तऱ्हेने वाढलं त्याच तऱ्हेने, आरशात उलटं दिसावं तसं, ते कमी होतं. म्हणून भरून निघायलाही आणखी साडेसतरा सेकंद लागतात. एकूण ३५ सेकंद. तेवढ्या वेळात मोटार १,२२५ मीटर गेलेली असते आणि तिथेच पोलीस तिला गाठतात. नियम म्हणून सांगायचं तर मोटारीच्या वेगाची दुप्पट घ्यायची आणि त्वरणाने भागायचं: सत्तर भागिले दोन, पस्तीस. समीकरण मांडणाऱ्याला शून्य सेकंद असं आणखी एक उत्तर मिळतं आणि बरेच विद्यार्थी ते चुकीचं समजून खोडतात. ते चुकीचं नाही. मोटार शेजारून गेली त्या क्षणीही दोघे एकाच जागी होतेच.

चूक होते ती बहुतेक वेळा एककांत. १२६ हा आकडा तसाच ठेवून त्याची दुप्पट केली आणि २ ने भागलं, तर उत्तर १२६ सेकंद येतं आणि कागदावर ते खोटं वाटत नाही. अशा वेळी गाठतानाचा वेग काढून पाहावा. १२६ सेकंद सतत वेग घेत राहिलेली गाडी सेकंदाला २५२ मीटर, म्हणजे ताशी ९०० किलोमीटरच्या वर गेलेली असेल. तो प्रवासी विमानाचा वेग झाला. आकडा फसला हे तिथे लगेच कळतं.

पण हीच तपासणी बरोबर उत्तरावरही करून पाहायला हवी. ३५ सेकंद वेग घेत राहिलेल्या पोलिसांच्या गाडीचा शेवटचा वेग सेकंदाला ७० मीटर होतो, म्हणजे ताशी २५२ किलोमीटर. मोटारीच्या बरोबर दुप्पट! हा योगायोग नाही. दोघांनी सारख्याच वेळात सारखंच अंतर कापलं, तेव्हा दोघांचा सरासरी वेगही सारखाच असला पाहिजे. शून्यापासून एकसारखा वाढत गेलेल्या वेगाची सरासरी ३५ यायची असेल, तर त्याला शेवटी ७० वर जावंच लागतं. त्वरण दुप्पट करा, निम्मं करा, गाठण्याची वेळ आणि जागा बदलेल, पण गाठतानाचा वेग दुप्पटच राहील.

सरासरीची ही किल्ली फार जुनी आहे. युरोपात चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या विद्वानांनी एकसारख्या वाढणाऱ्या वेगाचा हा नियम मांडला आणि १६३८ साली छापलेल्या ग्रंथात गॅलिलिओने तो पडणाऱ्या वस्तूंना लावला. आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त अगदी पाठलागाचंच गणित सोडवलं आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले हे जैन गणिती. वेरूळचं कैलास लेणं ज्या घराण्याने कोरवून घेतलं, तेच हे घराणं. त्यांच्या गणितात एक प्रवासी रोज सारखंच अंतर चालतो आणि दुसरा दर दिवशी ठरावीक अंतर वाढवत जातो. दोघे कधी भेटतील? स्थिर चालीतून दुसऱ्याची पहिल्या दिवसाची चाल वजा करायची, रोजच्या वाढीच्या निम्म्याने भागायचं आणि त्यात एक मिळवायचा. एक जण रोज १२ योजनं चालतो, दुसरा पहिल्या दिवशी ३ आणि मग रोज २ जास्त, असं धरू. बारातून तीन गेले नऊ, भागिले एक, अधिक एक: दहावा दिवस. पहिल्याची १२० योजनं होतात, दुसऱ्याचीही १२०. दुसरा दहाव्या दिवशी २१ योजनं चालतो, आणि पहिल्या दिवसाचे ३ व शेवटच्या दिवसाचे २१ मिळून २४ होतात, म्हणजे बाराची दुप्पट. इंटरसेप्टरचं गणित आतून हेच आहे, फक्त दिवसांच्या पायऱ्यांऐवजी वेगाची सलग चढण आहे.

ताशी २५२ किलोमीटर मात्र पोलिसांच्या एसयूव्हीला जमणारं नाही. तिचा कमाल वेग ताशी १६२, म्हणजे सेकंदाला ४५ मीटर आहे असं धरू. मग साडेबावीस सेकंदांनंतर तिचा वेग वाढायचा थांबतो. तोवर ती ५०६ मीटर आलेली असते आणि मोटार जवळजवळ ७८८ मीटरवर. मधले २८१ मीटर आता सेकंदाला फक्त दहा-दहा मीटरनी कमी होणार, कारण दोन वेगांतला फरक तेवढाच आहे. त्याला २८ सेकंद लागतात. गाठायला एकूण सुमारे ५१ सेकंद, आणि जागा १,७७२ मीटरवर.

प्रत्यक्षात हाही हिशेब पोलिसांच्या बाजूने झुकलेला आहे. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि गाडी शंभरच्या पुढे पहिल्यासारखी झपाट्याने वेग घेत नाही. शिवाय कुठलाही चालक मोटार शेजारी आली त्याच क्षणी निघत नाही. वेग वाचायचा, सहकाऱ्याला सांगायचं, आरसा पाहायचा, चालत्या वाहतुकीत शिरायची जागा शोधायची. यात फक्त चार सेकंद गेले असं मानलं, तर मोटार १४० मीटरची आघाडी फुकटात घेते. ती भरून काढायची तीही दहा मीटरच्या फरकाने, म्हणजे आणखी १४ सेकंद. मोटार शेजारून गेल्यापासून मोजलं तर गाठायला आता जवळजवळ ६९ सेकंद लागतात आणि जागा २,४०० मीटरच्या पुढे सरकते. चार सेकंदांच्या उशिराने पाठलाग १८ सेकंदांनी आणि ६३० मीटरनी लांबला. एवढ्या अंतरात किती ट्रक लेन बदलत असतील, किती कुटुंबं आपापल्या गाडीतून निवांत चालली असतील, आणि त्यांच्यामधून एक गाडी १२६ ने आणि दुसरी १६२ ने जात असेल, याचा विचार केला की हे गणित वहीतलं राहत नाही.

मग हेच चार सेकंद उलट्या बाजूला टाकून पाहू. लेझर स्पीड गन अवरक्त प्रकाशाचे स्पंद सोडते, ते मोटारीवर आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर मोजते आणि अंतर किती झपाट्याने घटतंय त्यावरून वेग काढते. हे काम मोटार कित्येकशे मीटर लांब असतानाच होतं. समजा मोटार ४०० मीटर मागे असतानाच १२६ हा आकडा दिसला. ती शेजारी पोहोचायला अजून अकरा सेकंदांहून जास्त अवकाश आहे. मोटार ३०६ मीटरवर असताना पोलिसांची गाडी निघाली, तर साडेसतरा सेकंदांनी दोघी शेजारी-शेजारी येतात, आणि त्या क्षणी दोघींचा वेग ३५ मीटरच असतो. मघाशी जे सर्वांत मोठं अंतर हातातून निसटलं होतं, तेच इथे सुरुवातीलाच हाताशी धरलं. पोलिसांना मर्यादेबाहेरच्या वेगापेक्षा जास्त वेग घ्यावाच लागत नाही. भेट होते उभ्या जागेपासून ३०६ मीटरवर. गाडी तीच, इंजिन तेच, फक्त निघण्याची वेळ पावणेनऊ सेकंदांनी अलीकडे आली. आणि ४०० मीटरवर वेग कळल्यामुळे निर्णयाला अडीच सेकंदांहून जास्त वेळही उरला.

ज्या पथकाला हे साधत नाही, त्याच्याकडे वायरलेस असतो. पुढे खालापूरचा टोलनाका आहे, पलीकडे तळेगावजवळ उर्शाचा. संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो आणि मोटारीला नाक्यापर्यंत पोहोचायला मिनिटं लागतात. २०२४ पासून या मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणाही काम करू लागली आहे. दोन ठिकाणच्या वेळांवरून मधल्या टप्प्यातला सरासरी वेग काढणं हाही तिचा एक भाग आहे. दहा किलोमीटर पाच मिनिटांत पार झाले, की ताशी १२० ठरले. कॅमेऱ्याजवळ वेग कमी करून पुढे दामटणाऱ्यालाही त्यातून सुटता येत नाही, कारण वाटेत कुठे ना कुठे त्याचा वेग १२० च्या वर गेलेलाच असतो. चलान मोबाइलवर येतं, आणि ३०६ मीटरचं ते अंतर कापायला कोणालाही निघावं लागत नाही.