पाच पुड्या, भागाकार मात्र चारने

अर्धा किलो साखरेच्या पाच पुड्या वजनकाट्यावर ठेवल्या. वजने भरली ४९८, ५००, ५०३, ४९७ आणि ५०२ ग्रॅम. सरासरी बरोबर ५००. आता वजने सरासरीपासून किती इकडेतिकडे पसरली आहेत, हे सांगणारा आकडा म्हणजे प्रमाण विचलन. प्रत्येक वजनाचा सरासरीपासूनचा फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सगळ्या वर्गांची बेरीज करायची. इथे ती येते २६. ही बेरीज पाचने भागून वर्गमूळ काढले, तर २.२८ ग्रॅम येतात. चारने भागले, तर २.५५. एक्सेलमध्ये पहिले उत्तर STDEV.P देते आणि दुसरे STDEV.S. पुड्या पाच असताना चारने भागायचे कशाला, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडतोच. ‘सूत्रच तसे आहे’ एवढे सांगून त्याची बोळवण करू नये, कारण यामागचे कारण सुंदर आहे आणि ते चिठ्ठ्यांच्या खेळातून समजते.

एका डब्यात तीन चिठ्ठ्या टाका, २, ४ आणि ६ आकड्यांच्या. डब्याची खरी सरासरी ४. फरकांचे वर्ग ४, ० आणि ४, त्यांची बेरीज ८. इथे आपल्या हाती सगळा डबा आहे, म्हणून बिनदिक्कत तीनने भागायचे. वर्गांची सरासरी येते ८/३, म्हणजे सुमारे २.६७. (प्रमाण विचलन म्हणजे याचे वर्गमूळ, पण तूर्त वर्गातच बोलू.)

आता डबा न पाहता एक चिठ्ठी काढा, आकडा लिहून ती परत टाका आणि दुसरी काढा. समजा ४ आणि ६ निघाले. खरी सरासरी ४ आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून तुम्ही हातातल्या दोन आकड्यांचीच सरासरी घेता, ५. तिच्यापासून फरक १ आणि १, वर्गांची बेरीज २. खऱ्या सरासरीपासून मोजले असते, तर फरक ० आणि २ आले असते, बेरीज ४. मोजताना निम्मा पसारा गळाला.

हे या दोनच चिठ्ठ्यांपुरते घडलेले नाही. सरासरी त्याच आकड्यांतून निघालेली असल्याने ती त्यांच्या मधोमध जाऊन बसते. वर्गांची बेरीज सर्वांत कमी येते ती नेमकी याच जागी. खरी सरासरी तिथून जराही दूर असली की तिच्यापासूनची बेरीज मोठीच भरते. म्हणून नमुन्याच्या स्वतःच्या सरासरीपासून मोजलेला पसारा कमीच पडतो, जास्त कधीच होत नाही.

किती कमी पडतो? दोन चिठ्ठ्या काढण्याच्या एकूण नऊ शक्यता आहेत. तीन वेळा सारखेच आकडे येतात, तेव्हा वर्गांची बेरीज ०. चार वेळा आकड्यांत २ चा फरक असतो, बेरीज २. दोन वेळा फरक ४, बेरीज ८. सगळे मिळून २४. प्रत्येक वेळी दोनने भागले, तर नऊ उत्तरांची सरासरी येते ४/३, म्हणजे सत्याच्या बरोबर निम्मी. दोनातून एक वजा करून एकने भागले, तर २४/९, म्हणजेच ८/३. डब्याचे खरे उत्तर!

नमुना दोनाचा असो वा पन्नासाचा, बेरजेतून सरासरीने एका आकड्याच्या वाट्याइतकाच पसारा गळतो. कारण एकच गोष्ट, सरासरी, आपण त्याच आकड्यांकडून उसनी घेतली. पुड्यांकडे पुन्हा पाहा. पहिल्या चार पुड्यांचे फरक −२, ०, ३ आणि −३ आहेत. फरकांची बेरीज शून्यच व्हायला हवी, म्हणून पाचवा फरक २ असणार, हे वजन न पाहताही सांगता येते. मोकळी माहिती चारच फरकांत आहे, म्हणून भागाकार चारने.

या दुरुस्तीला जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांचे नाव आहे. तिच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. ती वर्गांची सरासरी नेमकी दुरुस्त करते. वर्गमूळ काढल्यावर प्रमाण विचलन सरासरीने किंचित कमीच राहते. खरी सरासरी आधीच ठाऊक असेल, किंवा सगळाच डबा हाती असेल, तर n नेच भागायचे. पुड्या शंभर असतील, तर दोन उत्तरांत अर्धा टक्काच फरक पडतो. पाच असतील, तर जवळजवळ बारा टक्के.

आणि पुडी एकच असेल तर? एक्सेलच्या एका चौकटीत ४९८ लिहून दोन्ही सूत्रे लावून पाहा. STDEV.P उत्तर देते ०, जणू सगळ्या पुड्या तंतोतंत सारख्या आहेत. STDEV.S मात्र #DIV/0! दाखवते. एका पुडीवरून पसारा कळत नाही, आणि हेच उत्तर बरोबर आहे.