चॅटबॉटची परीक्षा कशी घेतात?

मोठ्या भाषा मॉडेलवर चालणारा चॅटबॉट एकाच प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर देईल याची खात्री नसते. मॉडेल उत्तर एकेका शब्दतुकड्याने रचत जाते. पुढचा तुकडा कोणता असावा याच्या अनेक शक्यता ते मोजते आणि त्यांतून एक निवडते. या निवडीत किती मोकळीक द्यायची हे ‘टेम्परेचर’ नावाच्या सेटिंगने ठरते. टेम्परेचर शून्यावर ठेवले की सर्वांत संभाव्य तुकडाच निवडला जातो, तरी एकाच वेळी अनेकांची कामे उरकणाऱ्या यंत्रांवरील आकडेमोडीत सूक्ष्म फरक पडतात आणि उत्तर अधूनमधून बदलते. त्यामुळे एकदा विचारून, उत्तर वाचून ‘चांगला आहे’ किंवा ‘चुकतो’ असे म्हणण्याला फारसा अर्थ नसतो. पद्धतशीर परीक्षेसाठी ठरवून लिहिलेले प्रश्न, गुणदानाचा तक्ता आणि त्याच प्रश्नाच्या अनेक फेऱ्या या तीन गोष्टी लागतात.

बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा त्या मानाने सोपी असते. २०२० मध्ये तयार झालेल्या एमएमएलयू या प्रसिद्ध चाचणीत ५७ विषयांवरचे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला चार पर्याय आहेत. उत्तर बरोबर की चूक हे संगणकच सांगतो. पण नागरिकांच्या शंकांना उत्तरे देणारा चॅटबॉट पर्याय निवडत नाही, तो परिच्छेद लिहितो. परिच्छेद अर्धा बरोबर असू शकतो, बरोबर असून निरुपयोगी असू शकतो किंवा नऊ वाक्ये नेमकी देऊन दहाव्यात घात करू शकतो.

माहितीच्या अधिकाराबद्दल मराठीत मार्गदर्शन करणारा एक चॅटबॉट तपासायचा आहे असे समजू. प्रश्न असा आहे: ‘जिल्हा परिषदेत माहितीचा अर्ज दिला होता. तीस दिवस झाले, काहीच उत्तर नाही. आता काय करायचं?’

प्रश्न चॅटबॉटला विचारण्याआधी त्याचे बरोबर उत्तर माणसांनी कायदा पाहून लिहून ठेवायचे असते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार ३० दिवसांत उत्तर न देणे म्हणजे माहिती नाकारणेच ठरते. अर्जदाराने त्यानंतर ३० दिवसांच्या आत प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे त्याच कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे, पहिले अपील करायचे असते. जिल्हा परिषदेला महाराष्ट्र शासनाचे नियम लागू होतात आणि त्यांनुसार या अपिलाला २० रुपये शुल्क आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयात मात्र पहिल्या अपिलाला शुल्क नाही. माहिती आयोगाकडे दुसरे अपील करण्याची मुदत ९० दिवसांची असते. चॅटबॉट नेमका इथे घसरू शकतो: केंद्राचा नियम राज्याला लावतो किंवा दुसऱ्या अपिलाची मुदत पहिल्याला जोडतो. चूक कुठे होऊ शकते हे ठाऊक असलेल्या माणसाने प्रश्न निवडले तरच परीक्षेतून काही कळते.

एकच विषय अनेक रूपांत विचारावा लागतो. लोक शुद्धलेखनाच्या चुका करतात, रोमन लिपीत मराठी टाइप करतात, अर्धी माहिती देतात. ‘अर्ज दिला, उत्तर नाही’ एवढेच कोणी लिहिले, तर कार्यालय केंद्राचे की राज्याचे हे चॅटबॉटने उलट विचारले पाहिजे किंवा दोन्ही नियम वेगवेगळे सांगितले पाहिजेत. काही प्रश्नांत मुद्दाम चुकीचे गृहीतक पेरलेले असते: ‘पहिल्या अपिलाला ९० दिवस मिळतात ना?’ विचारणाऱ्याच्या होला हो मिळवण्याची खोड या मॉडेल्समध्ये आढळते आणि ती अशाच प्रश्नांतून उघडी पडते.

यानंतर येतो रुब्रिक, म्हणजे गुणदानाचा तक्ता. बोर्डाचे पेपर तपासणाऱ्या परीक्षकांना मुद्देनिहाय गुणांची आदर्श उत्तरपत्रिका दिली जाते, तसाच हा प्रकार आहे. वरच्या प्रश्नाचा तक्ता १० गुणांचा असा करता येईल: पहिले अपील करावे असे स्पष्ट सांगितले, ३ गुण. कोणाकडे करायचे ते सांगितले, २ गुण. ३० दिवसांची मुदत दिली, ३ गुण. शुल्क बरोबर सांगितले, १ गुण. उत्तर समजेल असे लिहिले, १ गुण. याच्या जोडीला एक कडक अट असते: मुदत चुकीची सांगितली तर बाकी काहीही बरोबर असो, गुण शून्य. ९० दिवस हाताशी आहेत असे समजून थांबलेल्या माणसाची खरी मुदत तोवर टळून गेलेली असते. शुल्काची चूक सुधारता येते, मुदतीची चूक महागात पडते. चुकांचे हे वजन तक्त्यात उतरले नाही तर गुण फसवे ठरतात.

तक्ता चांगला आहे की नाही हे तो दोन माणसांच्या हाती देऊन कळते. दोघांनी एकमेकांशी न बोलता तीच उत्तरे तपासायची आणि मग गुण जुळतात का ते पाहायचे. ‘समजेल असे लिहिले’ या ओळीवर मतभेद होणार हे जवळपास ठरलेलेच, कारण समजणे ज्याचे त्याचे असते. ती ओळ बदलून ‘कुठे, किती दिवसांत आणि किती शुल्क भरून अपील करायचे हे पहिल्या तीन वाक्यांत आले आहे का’ असे विचारले की उत्तर हो किंवा नाही एवढेच उरते. एकमत किती झाले हे मोजतानाही सावध राहावे लागते. ९० टक्के उत्तरांवर हो म्हणणारे दोन परीक्षक डोळे मिटून खुणा करत गेले तरी ८२ टक्के वेळा त्यांचे जुळेल. योगायोगाने होणारे असे एकमत वजा करून उरलेले मोजण्यासाठी जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडलेला ‘कापा’ हा निर्देशांक आजही वापरला जातो.

आता फेऱ्या. तोच प्रश्न दहा वेळा, दर वेळी नवे संभाषण उघडून विचारायचा, कारण जुन्या संभाषणातले आधीचे उत्तर पुढच्या उत्तरावर परिणाम करते. मॉडेलची आवृत्ती, तारीख, टेम्परेचर आणि चॅटबॉटला पडद्याआड दिलेल्या सूचना यांची नोंद ठेवायची. समजा, दहापैकी सात उत्तरे पूर्ण बरोबर आली, दोन उत्तरांत ‘शुल्क नाही’ असे निघाले आणि एकात मुदत ९० दिवसांची सांगितली. सात उत्तरांना प्रत्येकी १०, दोघांना प्रत्येकी ९ आणि एकाला शून्य. बेरीज ८८, सरासरी ८.८. प्रगतिपुस्तकात हा आकडा उत्तम दिसतो. पण त्याच्या पोटात दहातल्या एका अर्जदाराला घातक सल्ला मिळाला ही गोष्ट दडलेली आहे. म्हणून अहवालात सरासरीशेजारी सर्वांत वाईट उत्तर आणि घातक चुकांची संख्या वेगळी द्यावी लागते.

फेऱ्या किती घ्यायच्या हे शोधत असलेली चूक किती विरळ आहे यावर ठरते. सरासरी दहात एकदा चुकणारा चॅटबॉट पाच फेऱ्यांत एकदाही न चुकण्याची शक्यता ५९ टक्के आहे, दहा फेऱ्यांत ३५ टक्के आणि तीस फेऱ्यांत सुमारे ४ टक्के. म्हणजे पाच वेळा विचारून पाचही उत्तरे बरोबर आली तरी ‘हा चुकत नाही’ असे म्हणता येत नाही. निकाल कसा सांगितला जातो यानेही चित्र पालटते. दर फेरीत ८० टक्के बरोबर असणारा चॅटबॉट पाचांपैकी निदान एकदा बरोबर ठरण्याची शक्यता ९९.९ टक्क्यांहून जास्त आहे, पण पाचही वेळा बरोबर ठरण्याची शक्यता फक्त ३३ टक्के. संगणकाचा प्रोग्राम लिहून घेणाऱ्याला पहिला आकडा चालतो, कारण प्रोग्राम चालवून पाहून चुकीचे प्रयत्न फेकता येतात. नागरिकाला एकच उत्तर मिळते आणि ते पारखण्याचे साधन त्याच्याकडे नसते. त्याच्यासाठी दुसरा आकडा खरा.

शंभर प्रश्न आणि दहा फेऱ्या म्हणजे हजार उत्तरे. ती सगळी माणसांनी वाचणे महाग पडते, म्हणून दुसऱ्या मॉडेललाच परीक्षक करण्याची पद्धत रूढ झाली आहे. २०२३ मध्ये याचा अभ्यास झाला, तेव्हा जीपीटी-४ ची मते माणसांच्या मतांशी ८० टक्क्यांहून अधिक वेळा जुळली, पण त्याचे कलही दिसून आले. दोन उत्तरे शेजारी ठेवली की आधी आलेल्याला झुकते माप मिळते आणि लांबलचक उत्तर नेमक्या उत्तरापेक्षा भारी वाटू शकते. त्यावर उपाय आहेत. उत्तरांचा क्रम उलटा करून पुन्हा विचारायचे आणि निर्णय बदलला तर तो बरोबरीचा धरायचा. यंत्र-परीक्षकाला मोघम ‘गुण द्या’ न सांगता आदर्श उत्तर द्यायचे आणि तक्त्यातली एकेक ओळ हो-नाहीत विचारायची. शिवाय काही उत्तरे माणसांनी तपासून यंत्राचे गुण त्यांच्याशी ताडून पाहायचे. मराठी उत्तरांसाठी ही ताडणी मराठी वाचणाऱ्यांनीच करायला हवी, कारण इंग्रजी उत्तरे नीट तपासणारा यंत्र-परीक्षक मराठीतही तितकाच नेमका असेल असे धरून चालत नाही.

परीक्षेचा मुख्य उपयोग दोन आवृत्त्यांची तुलना करण्यासाठी होतो. पडद्याआडच्या सूचना बदलल्या आणि १०० प्रश्नांपैकी ७८ बरोबर होते ते ८२ झाले, तर सुधारणा झाली का? इथे फक्त निकाल बदललेले प्रश्न पाहायचे. समजा, ९ प्रश्न चुकीचे होते ते सुधारले आणि ५ बरोबर होते ते बिघडले. चौदा वेळा नाणे उडवून ९ छापे येणे मुळीच दुर्मीळ नाही, त्यामुळे ही वाढ योगायोगाचीही असू शकते. बिघडलेले ५ प्रश्न मात्र वाचावेतच. ते सगळे मुदतीबद्दलचे निघाले तर नवी आवृत्ती, आकडा वाढूनही, मागे घ्यावी लागेल.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. तेच प्रश्न समोर ठेवून चॅटबॉट सुधारत गेले की तो त्या प्रश्नांपुरता हुशार होतो. म्हणून काही प्रश्न बाजूला, कोणालाही न दाखवता ठेवले जातात आणि शेवटीच वापरले जातात. जाहीर झालेले प्रश्न मॉडेलच्या प्रशिक्षणात शिरू शकतात आणि मग गुण पाठांतराचे मिळतात. नियम बदलले की आदर्श उत्तर जुने होते आणि बरोबर उत्तराला चुकीचा शेरा बसतो. शिवाय मॉडेलची नवी आवृत्ती आली की आधीचे गुण तिला लागू होत नाहीत आणि सगळ्या फेऱ्या पुन्हा घ्याव्या लागतात.