शीट भरण्याआधी: ‘दिसायला सारखं’ म्हणजे सारखं नव्हे



वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांच्या यादीत आतापर्यंत जेवढ्या ओळी भरल्या गेल्या, तेवढ्या मी परवा रात्री चाळल्या. काम झपाट्यानं चाललंय, पण एकाच गोष्टीच्या चार-चार नोंदी होताहेत. त्यामागे निष्काळजीपणा नाही, काही समजुती आहेत. त्यांबद्दलच लिहितोय.

पहिली समजूत अशी, की दोन शब्द डोळ्यांना सारखे दिसले की संगणकालाही ते सारखेच. प्रकाशनस्थळाच्या रकान्यात ‘कऱ्हाड’ दोन तऱ्हांनी आलंय. एकानं ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर टाइप करून त्याचा पाय मोडला, दुसऱ्याच्या कीबोर्डनं साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह घातलं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. पण शेजारच्या रिकाम्या चौकटीत

```
=LEN(D14)
```

असं लिहून पाहिलं, तर एका नोंदीला 6 येतात आणि दुसरीला 7. संगणकाच्या लेखी ती दोन गावं झाली. (तिसऱ्यानं ‘कराड’ लिहिलंय, ते निदान दिसतं तरी!) ‘ॲ’चंही तसंच: ते एक अक्षर म्हणून टाइप होतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा हाही त्यातलाच प्रकार.

यावर उपाय शुद्धलेखनाचा नाही. गाव आणि लेखक या दोन रकान्यांत आता बाण दिसेल, त्यावर टिचकी मारून यादीतूनच निवडा. नाव यादीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा आणि नाव ‘शेरा’मध्ये लिहा, मी ते यादीत घालेन. त्यामुळे ‘ह. ना. आपटे’, ‘हरि नारायण आपटे’ आणि ‘हरी नारायण आपटे’ असे तीन लेखक तयार होणार नाहीत. मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो, यादीत ते ‘आपटे, हरि नारायण’ असेच आहेत. एक सावधगिरी मात्र घ्या. दुसऱ्या चौकटीतून Ctrl+V नं चिकटवलंत तर ही यादीची अटही पुसली जाऊ शकते. चिकटवायचंच असेल तर Ctrl+Shift+V.

दुसरी समजूत वर्षाबद्दलची, आणि तिनं मला चांगलंच फसवलं. रकान्यात 1842 पाहून मी दोन दिवस हरखून गेलो होतो, इतकं जुनं पुस्तक आपल्या कपाटात! पुस्तक काढून पाहिलं तर छापलं होतं ‘माघ शके 1842’. पुस्तकावर जे आहे तेच उतरवायचं, असं भरणाऱ्याला वाटलं आणि त्यात त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. पण शीटच्या दृष्टीनं 1842 ही चोख संख्या आहे, ती चूक म्हणून कधीच पकडली जाणार नाही.

शके असेल तर 78 मिळवायचे, हे बहुतेकांना ठाऊक आहे. तेवढ्यानं नेहमी भागत नाही. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं आणि पुढच्या इसवी सनाचे पहिले काही महिने त्यातच येतात. म्हणून साधारण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनअखेर 79 मिळवावे लागतात. हे पुस्तक माघातलं, म्हणजे 1920 नव्हे, 1921 सालचं. महिना छापलेला नसेल तर 78 मिळवा. दोन्ही वेळी पुस्तकावरचा मूळ शक ‘शेरा’मध्ये जसाच्या तसा ठेवा, म्हणजे पुढे कुणाला हिशोब तपासता येईल.

वर्षाच्या रकान्यात फक्त चार आकडे हवेत, तेही 1920 असे इंग्रजी आकडे. ‘1920?’ किंवा ‘सुमारे 1920’ लिहिलं की शीट त्याला संख्या न मानता मजकूर मानते, आणि मग वर्षानुसार क्रम लावताना ती नोंद बाजूला पडते. ओळखायची खूण सोपी आहे: आपण मांडणी बदललेली नसेल तर संख्या चौकटीच्या उजव्या कडेला टेकते, मजकूर डाव्या. शंका असेल ती ‘शेरा’त लिहा. वर्ष सापडलंच नाही तर रकाना रिकामा सोडा. शून्य नको, रेघ नको.

तिसरी गोष्ट थोडक्यात. एकाच लेखकाची पाच पुस्तकं ओळीनं आली की काहीजण खाली ‘वरीलप्रमाणे’ लिहितात. वहीत ते चालतं, कारण वहीतल्या ओळी जागा सोडत नाहीत. इथे कुणी शीर्षकानुसार क्रम लावला की ‘वर’ भलताच लेखक येऊन बसतो. प्रत्येक ओळीत पूर्ण नाव हवं. फाटकी पुस्तकं पिवळ्या रंगानं दाखवणाऱ्यांनाही एवढंच सांगतो: रंग मोजायला शीटमध्ये सरळ सूत्र नाही, ‘स्थिती’च्या रकान्यातून ‘जीर्ण’ निवडा.

आधीच्या ओळी दुरुस्त करायला बसू नका, त्या मी करतोय. उद्यापासून तिसऱ्या कपाटाच्या वरच्या फळीपासून पुढे भरा.

— यादीचं काम पाहणारा